छोट्या जाहिराती उतरवताना क्रमांक शेजारच्या जाहिरातीला चिकटतो: कारण आणि उपाय

गोव्यातील मराठी दैनिकांच्या छोट्या जाहिराती सूचीसाठी किंवा संग्रहासाठी उतरवून घेणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार येते. मजकूर नीट उतरतो, दूरध्वनी क्रमांकांचे आकडेही बरोबर असतात, जाहिरातींची आणि क्रमांकांची एकूण संख्याही जुळते. तरी तपासणीत असे दिसते की फोंड्याच्या खोलीपुढे म्हापशाच्या दुकानदाराचा क्रमांक पडला आहे. अशा वेळी बहुतेक जण आकडे पुन्हा तपासायला बसतात आणि त्यात एकही चूक सापडत नाही. सापडणार कशी? आकडा चुकलेलाच नसतो. एक जाहिरात कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते, ती हद्द चुकलेली असते. म्हणून या लेखात आधी हद्दीचा विचार केला आहे आणि आकड्यांच्या अचूकतेचा विचार त्यानंतर.

हद्द चुकण्याचे कारण छपाईच्या पद्धतीत आहे. छोट्या जाहिरातीचे पैसे शब्दांवर किंवा ओळींवर घेतले जातात, त्यामुळे देणारा शब्द वाचवतो आणि जुळणी करणारा जागा वाचवतो. ‘भाड्याने देणे’ अशा एका मथळ्याखाली दहा-पंधरा जाहिराती एकीला एक लागून ओतलेल्या असतात. त्यांच्यामध्ये कोरी ओळ नसते, आणि पुष्कळदा नवी जाहिरात आधीच्या जाहिरातीच्या ओळीतच सुरू होते. वेगळेपण दाखवणारी खूण म्हणजे पहिला शब्द ठळक टाइपात असणे, एखादी बारीक रेघ असणे किंवा ओळ किंचित आत सरकवलेली असणे. छापील कागदावर या खुणा दिसतात. फिकट छायाप्रतीत किंवा मोबाइलने घेतलेल्या फोटोत ठळक आणि साध्या अक्षरांतील फरक सर्वांत आधी नाहीसा होतो आणि मग उतरवणाऱ्यासमोर सलग मजकूर तेवढा उरतो.

पुढचा नमुना मी स्वतः रचलेला आहे, पण अशी रचना कोणत्याही जुन्या अंकात आढळेल. यातील मोबाइल क्रमांक मुद्दाम ५ ने आणि लँडलाइनचा क्रमांक १ ने सुरू केला आहे. भारतात मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, त्यामुळे हे क्रमांक कोणाचेही नाहीत.

पर्वरी येथे २ बीएचके फ्लॅट,
सेमी फर्निश्ड, कुटुंबास देणे.
मो. ५८२२१४७०९३. म्हापसा
बाजारानजीक दुकान २० चौ.मी.
देणे. ५९२१०३६६१८, ५७६४४-
१९०२५. फोंडा ढवळी येथे खोली
नोकरदार महिलांस देणे.
फर्मागुढी बस समोर थांबते.
५४८७११३०६९. मडगाव आके
येथे गाळा देणे. लिहा: बॉक्स
क्र. ११२. वास्को बायणा येथे
१ बीएचके देणे. फोन
०८३२-१५४३०९७.

येथे जाहिराती पाच आहेत आणि दूरध्वनी क्रमांकही पाचच आहेत. मात्र प्रत्येक जाहिरातीला एक क्रमांक अशी वाटणी नाही. म्हापशाच्या दुकानाला दोन क्रमांक आहेत, तर मडगावच्या गाळ्याला एकही नाही, कारण तेथे दैनिकाच्या कार्यालयाकडे बॉक्स क्रमांकावर पत्र पाठवायचे आहे. आता उतरवणाऱ्याने नेहमीच्या सवयीने आधी पाचही मजकूर एका स्तंभात उतरवले आणि मग वरून खाली येत पाच क्रमांक शेजारच्या स्तंभात भरले, तर काय होते ते पाहा. पर्वरीला स्वतःचा क्रमांक मिळतो. म्हापशाला पहिला क्रमांक मिळतो, पण त्याचा दुसरा क्रमांक फोंड्यापुढे जातो. फोंड्याचा क्रमांक मडगावपुढे जातो. वास्कोपुढे मात्र पुन्हा वास्कोचाच क्रमांक येतो. पहिली आणि शेवटची नोंद बरोबर आहे, बेरीज बरोबर आहे, प्रत्येक क्रमांक अंकागणिक बरोबर आहे आणि मधल्या दोन नोंदी पूर्ण चुकीच्या आहेत. वरवर पाहणारा तपासनीस सुरुवात आणि शेवट पाहतो आणि पान मंजूर करतो.

या नमुन्यात दुसरा सापळा ‘फर्मागुढी’ या शब्दात आहे. जाहिराती गावाच्या नावाने सुरू होतात हे एकदा लक्षात आले की ओळीच्या आरंभी गावाचे नाव दिसताच हात आपोआप नवी नोंद सुरू करतो. तसे केल्यास ढवळीच्या खोलीची जाहिरात क्रमांकाविना राहते आणि ‘फर्मागुढी बस समोर थांबते’ ही स्वतंत्र जाहिरात ठरून तो क्रमांक तिच्याकडे जातो. गोव्यात हा धोका विशेष आहे, कारण येथील अंतरे लहान असल्यामुळे जाहिरात देणारा एका गावातील जागेची ओळख शेजारच्या गावाच्या, बसस्थानकाच्या किंवा फेरीधक्क्याच्या नावाने करून देतो. गावाचे नाव ही हद्दीची एकमेव खूण मानता येत नाही.

मी स्वतः दोन खुणा जुळल्याशिवाय हद्द मानत नाही. ठळक पहिला शब्द आणि त्याच्या लगेच आधी पूर्णविरामाने संपलेला संपर्क, ही जोडी सर्वांत भरवशाची आहे. फर्मागुढीच्या आधी संपर्क नाही, आणि मूळ कागदावर तो शब्द ठळकही नसतो, म्हणून तेथे हद्द नाही. मडगावच्या आधी क्रमांक आहे आणि शब्द ठळक आहे, म्हणून तेथे हद्द आहे. संपर्कात केवळ दूरध्वनी धरू नये, ‘बॉक्स क्र.’, ‘समक्ष भेटा’, ‘अर्ज पाठवा’ हेही संपर्कच आहेत आणि तेही जाहिरात संपवतात. संपर्क आरंभीच छापलेल्या जाहिराती क्वचित आढळतात, पण एका मथळ्याखाली एकच पद्धत पाळलेली असते, तेव्हा कामाला लागण्यापूर्वी त्या मथळ्याखालच्या तीन-चार जाहिराती वाचून पद्धत ओळखावी.

उपाय असा आहे की उतरवणे आणि हद्द आखणे ही दोन कामे एका बैठकीत मिसळू नयेत. पानाची सुमारे दुप्पट मोठी छायाप्रत काढावी आणि त्या प्रतीवर, मूळ अंकावर नव्हे, प्रत्येक जाहिरातीच्या आरंभी पेन्सिलने उभी रेघ आणि समासात अनुक्रमांक घालावा. त्याच वेळी अनुक्रमांकाशेजारी त्या जाहिरातीत किती दूरध्वनी क्रमांक आहेत ते लिहावे. आपल्या नमुन्यात ही संख्या अनुक्रमे १, २, १, ०, १ अशी येते. आकडे टाइप करण्यापूर्वी ही संख्या तक्त्याच्या स्वतंत्र रकान्यात भरून ठेवली की मडगावपुढे क्रमांक टाइप होऊच शकत नाही, कारण तेथे आधीच शून्य लिहिलेले असते. मला या कामात सर्वांत उपयोगी पडलेला रकाना हाच आहे.

मग एक जाहिरात पूर्ण उतरवावी, मजकूर आणि क्रमांक एकत्र, आणि तिची ओळ पूर्ण झाल्यावरच पुढच्या जाहिरातीकडे जावे. मजकूर एका फेरीत आणि क्रमांक दुसऱ्या फेरीत, ही पद्धत जलद वाटते, पण घसरण्याचा दोष तिच्यातूनच निर्माण होतो. आधीच भरलेल्या तक्त्यात दोष शोधायचा असेल, तर प्रत्येक क्रमांकाच्या आधीचे दोन शब्द मूळ पानावरून वाचून नोंदीतील मजकुराच्या शेवटाशी ताडून पाहावेत. ५७६४४१९०२५ या क्रमांकाच्या आधी पानावर दुकानाचाच पहिला क्रमांक आणि ‘देणे’ हा शब्द येतो, तर तक्त्यात तो ‘बस समोर थांबते’ च्या पुढे पडला आहे, हे लगेच उघड होते. घसरण एकदा सापडली की ती कोठे सुरू झाली हे शोधत मागे जावे. मागे पहिली जी दोन क्रमांकांची किंवा क्रमांक नसलेली जाहिरात लागेल, तीच बहुधा उगमस्थान असते.

स्तंभ बदलताना विशेष जपावे लागते. जाहिरात एका स्तंभाच्या तळाशी सुरू होते आणि तिचा क्रमांक पुढच्या स्तंभाच्या माथ्यावर असतो. मध्ये एखादी चौकटीतील मोठी जाहिरात आली की तो क्रमांक पोरका दिसतो. बांधीव खंडात शिवणीकडचा स्तंभ वळलेला असतो आणि ओळीचे शेवटचे एक-दोन अंक घडीत जातात. आपल्या नमुन्यातील ५७६४४- या तुटलेल्या ओळीसारख्या ठिकाणी वाचकाला पाच अंकी क्रमांक पूर्णच वाटण्याची शक्यता असते. ओळीच्या शेवटी जोडरेघ असेल तर खालची ओळ वाचल्याशिवाय नोंद पूर्ण करू नये, हे नियम म्हणून पाळावे.

आता आकडे. भारतातील क्रमांकांची एक सोय अशी की मोबाइल क्रमांक दहा अंकी असतो, आणि गोव्याचा लँडलाइन क्रमांकही ०८३२ या कोडमधील आरंभीचे शून्य वगळले तर ८३२ आणि पुढचे सात अंक मिळून दहाच अंकी होतो. म्हणून अंकांची संख्या मोजणे ही पहिली चाळणी आहे. क्रमांक C स्तंभात असेल तर जोडरेघा आणि मोकळ्या जागा वगळून लांबी पुढील सूत्राने मिळते. देवनागरी अंकही यात नीट मोजले जातात.

```
=LEN(SUBSTITUTE(SUBSTITUTE(C2,"-","")," ",""))
```

उत्तर १० आले तर क्रमांकात अंक गळलेला किंवा वाढलेला नाही एवढेच कळते. ११ आले तर आरंभी शून्य आहे का ते पाहावे. तसे असेल तर तो दोष नव्हे. जाहिरातीत मोबाइल क्रमांकापुढे शून्य छापलेले आढळते, आणि १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना ते लावावेच लागते. जुन्या अंकांत लँडलाइनचे क्रमांक सहा अंकी आढळतात, कारण आरंभीचा २ नंतर जोडला गेला. असा सहा अंकी क्रमांक दिसला की त्यापुढे २ लावून तो ‘दुरुस्त’ करण्याचा मोह टाळावा. छापले आहे तेच उतरवावे.

लांबीची चाळणी अंकांची अदलाबदल मात्र पकडू शकत नाही. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून काढलेला असतो, त्यामुळे एक अंक चुकला तरी तो उघड होतो. दूरध्वनी क्रमांकात असा तपासणी अंक नसतो. ३ च्या जागी ८ पडला तरी क्रमांक दहा अंकीच राहतो, आणि तो दुसऱ्या एखाद्या माणसाचा खरा क्रमांकही असू शकतो. म्हणून कोणते अंक परस्परांसारखे दिसतात हे माहीत असणे येथे फार महत्त्वाचे ठरते.

इंग्रजी आकड्यांत शाई पसरली की 3, 6 आणि 8 एकसारखे होतात, कारण त्यांतील उघड्या जागा भरून जातात. देवनागरीत १ आणि ९ यांचा घोळ सर्वाधिक होतो. पण मराठी दैनिकाच्या एकाच स्तंभात काही क्रमांक देवनागरी आकड्यांत आणि काही इंग्रजी आकड्यांत असतात, तेव्हा वेगळाच दोष उद्भवतो. डोळा इंग्रजी आकड्यांना सरावलेला असेल तर पुढच्याच जाहिरातीतील देवनागरी १ त्याला 9 वाटतो आणि देवनागरी ४ त्याला 8 वाटतो. प्रतिमेतून मजकूर ओळखणारी प्रणालीही हीच चूक करते. म्हणून क्रमांक सुरू करण्यापूर्वी तो कोणत्या आकड्यांत आहे हे ठरवावे, आणि उतरवताना छापील लिपीच कायम ठेवावी. सर्व क्रमांक एका लिपीत हवे असतील तर ते वेगळ्या रकान्यात, ‘शोधा आणि बदला’ या सोयीने एकेक अंक बदलून करावेत. डोळ्याने एक लिपी वाचून हाताने दुसरी टाइप करणे टाळावे.

प्रतिमेची गुणवत्ता येथे निर्णायक ठरते. सहा पॉइंटच्या टाइपातील आकडा सुमारे दीड मिलीमीटर उंच असतो. ३०० डीपीआयवर त्याच्या वाट्याला जेमतेम सतरा-अठरा पिक्सेल येतात, ६०० डीपीआयवर त्याच्या दुप्पट. बातम्यांसाठी ३०० पुरते, छोट्या जाहिरातींसाठी ६०० घ्यावे. गोव्याच्या पावसाळी दमट हवेत साठवलेला वर्तमानपत्री कागद पिवळा पडतो आणि मागच्या बाजूची छपाई पुढे दिसू लागते. स्कॅन करताना पानामागे काळा कागद ठेवल्यास हा दोष पुष्कळ कमी होतो.

फाइल लहान करणाऱ्या सोयींपासून मात्र सावध राहावे. २०१३ मध्ये जर्मन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या कागदांत आकडेच बदलत होते, उदाहरणार्थ 6 च्या जागी 8 येत होता. दाबून लहान करणारी पद्धत एकसारखे दिसणारे तुकडे एकच मानून एकाची प्रत दुसऱ्याच्या जागी वापरत होती. अशा प्रतिमेत आकडा पुसट दिसत नाही, तो स्वच्छ आणि चुकीचा दिसतो, म्हणून पाहणाऱ्याला शंकाही येत नाही. छोट्या जाहिरातींची पाने टिफ किंवा पीएनजी स्वरूपात ठेवावीत आणि शंकास्पद क्रमांक नेहमी मूळ कागदावरून पाहावा.

दोघांनी मिळून तपासणी करताना, म्हणजे एकाने वाचावे आणि दुसऱ्याने पाहावे अशी पद्धत असताना, क्रमांक एकेक अंकाने वाचावा: पाच, आठ, दोन, दोन, एक, चार. जोडीने वाचल्यास मराठीत हमखास घोटाळा होतो. ‘सत्तेचाळीस’ मध्ये सात आधी ऐकू येतात आणि चार नंतर, म्हणून ऐकणारा घाईत ७४ टाइप करतो. आणि ‘एकोणसाठ’, ‘एकोणसत्तर’ हे शब्द पंख्याच्या आवाजात एकच वाटतात. ‘डबल दोन’ असेही म्हणू नये. याहून भरवशाची पद्धत म्हणजे दुसऱ्या व्यक्तीने पहिल्या व्यक्तीचे काम न पाहता केवळ क्रमांक पुन्हा टाइप करणे आणि दोन्ही रकाने ताडणे. ताडण्यासाठी `=EXACT(C2,D2)` वापरावे आणि `FALSE` आलेल्या प्रत्येक ओळीचा निर्णय मूळ कागद पाहून करावा. कोण अधिक अनुभवी आहे यावरून तो निर्णय होऊ नये.

इतके जपूनही तक्ता स्वतःच क्रमांक बिघडवू शकतो. एक्सेलमध्ये साध्या रकान्यात ०८३२ इंग्रजी आकड्यांत सलग टाइप केल्यास आरंभीचे शून्य नाहीसे होते. अरुंद रकान्यात दहा अंकी क्रमांक `5.8E+09` असा दिसतो. आणि दोन मोबाइल क्रमांक मधल्या खुणेविना जोडले गेले तर वीस अंकी संख्येतील पंधराव्या अंकापुढचे सर्व अंक शून्य होतात आणि ते परत मिळत नाहीत. म्हणून काहीही भरण्यापूर्वी त्या रकान्याचे स्वरूप `Text` करावे; नंतर केल्याने गेलेले अंक येत नाहीत. क्रमांकाचा चौकोन कोपऱ्याला धरून खाली ओढू नये, कारण त्याने शेवटचा अंक एकेकाने वाढत जाऊ शकतो. जाहिरातीच्या ओळखीसाठी पान, स्तंभ आणि अनुक्रमांक असा संकेत देताना `6-3-14` असे लिहिले तर तक्ता त्याची तारीख करतो. `P6C3-14` असे लिहिले तर तो तसाच राहतो.

शेवटी, छापील क्रमांकच अपुरा किंवा अवाच्य असेल तेव्हा काय करावे? नऊ अंक छापले असतील तर नऊच उतरवावेत आणि शेरा रकान्यात ‘छापील ९ अंक’ असे लिहावे. एखादा अंक वाचता येत नसेल तर नेमक्या त्याच जागी प्रश्नचिन्ह ठेवावे, जसे ५८२२१४?०९३, संपूर्ण क्रमांक सोडून देऊ नये आणि अंदाजाने भरूही नये. अशी जाहिरात बहुधा लागोपाठ काही दिवस येते, म्हणून आधीच्या आणि नंतरच्या अंकांत ती शोधावी. तेथे पूर्ण क्रमांक मिळाला तर तो शेऱ्यात त्या अंकाच्या तारखेसह द्यावा, मूळ नोंद तशीच ठेवावी. दोन अंकांतील दोन क्रमांक वेगळे निघाले तर दोन्ही ठेवावेत. फोन लावून खात्री करणे निरुपयोगी आहे, कारण बंद झालेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो आणि पलीकडून बोलणाऱ्याचा त्या खोलीशी किंवा दुकानाशी काहीही संबंध नसतो. ५८२२१४७०९३/९४ असा संक्षेप छापला असेल तर उतारा रकान्यात तो तसाच ठेवावा. दुसरा क्रमांक ५८२२१४७०९४ आहे हे विस्तार रकान्यात लिहावे आणि त्या जाहिरातीपुढे संपर्कांची संख्या १ ऐवजी २ करावी.